कान्हाला निघण्याआधी: गोळ्या, मच्छरदाणी आणि पहाटेचं फाटक

सप्रेम नमस्कार,

काल रात्रीच कान्हाहून इंदूरला परतलो. जबलपूरपासूनच्या प्रवासाने अंग आंबलंय, पण तुम्ही ऑक्टोबरात तिकडेच निघालात म्हणून आजच लिहितो. वाघ, साल, बारशिंगा याबद्दल सगळेच सांगतील. मी डासांबद्दल लिहितोय, कारण मला बुकिंगच्या वेळी ठामपणे सांगितलं होतं, "डॉक्टरसाहेब, इकडे मच्छर नाहीतच."

ते साफ खोटं निघालं. मंडला आणि बालाघाट हे मलेरियाचे जुने जिल्हे आहेत. आता रुग्ण बरेच कमी झाले असले, तरी पावसाळा संपताना जोखीम वाढते आणि उद्यान नेमकं तेव्हाच उघडतं. तिथल्या जंगलातला मलेरिया पसरवणारा एक डास संथ ओढ्यांच्या गवताळ काठाशी वाढतो. आमची खोली अशाच ओढ्यावर होती, खिडकीची जाळी कोपऱ्यात फाटलेली. 'ओढ्याकाठची खोली' म्हणून जास्त पैसे घेतात. ती घेऊ नका.

सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. सफारीसाठी उजाडण्याआधी फाटकावर जिप्सींची रांग लागते आणि आपण अंधारात उघड्या गाडीत बसून राहतो. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, गुणगुणतही फारसा नाही. घोटे आणि पाय झाकलेच पाहिजेत: लांब पँट, मोजे, बंद बूट. उरलेल्या उघड्या त्वचेवर डीट हे डास पळवणारं द्रव्य असलेलं मलम, निदान 20 टक्क्यांचं. दुकानातल्या नेहमीच्या नळ्या सौम्य असतात, मागची टक्केवारी वाचा. सनस्क्रीन आधी, मलम नंतर. मुलांच्या हाताला लावू नका, हात तोंडात जातात. फाटकाजवळच्या दुकानात मला 350 रुपयांना 'डास पळवणारा' मनगटी पट्टा दाखवला. असल्या पट्ट्याने डास अडत नाहीत, पैसे वाया घालवू नका.

मच्छरदाणी इथूनच घेऊन जा, औषध लावलेली. कडा गादीखाली खोचा आणि झोपण्याआधी टॉर्चने आत बघा. रात्रीचं जेवण खोलीत मागवा. हिरवळीवरच्या शेकोटीपाशी दोन तास बसणं म्हणजे डासांना हात-पाय देणं.

आता गोळ्या. इथल्या एका औषधवाल्याने तुम्हाला आठवड्याला क्लोरोक्विन सांगितलंय, ते घेऊ नका. मध्य भारतातला फाल्सिपॅरम हा मलेरियाचा जंतू त्याला दाद देत नाही.

तुम्ही दोघं आणि आजी डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम रोज एक घ्या. निघण्याआधी दोन दिवस सुरू करा, तिथले पाच दिवस आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे, म्हणजे माणशी 35 गोळ्या. ती शेवटची 28 दिवसांची मुदतच लोक मोडतात. डास चावल्यावर जंतू आधी यकृतात वाढतात आणि डॉक्सी तिथे भरवशाचं काम करत नाही. ते रक्तात उतरतात तेव्हा गोळी चालू असायलाच हवी. गोळी दुपारी पोटभर जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि तासभर आडवं होऊ नका. नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. आजींची कॅल्शियमची गोळी रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास डॉक्सी नीट शोषली जात नाही. ऊनही लवकर लागतं, टोपी ठेवा.

ताई 11 वर्षांची, वजन 32 किलो. किलोमागे दीड मिलिग्रॅम धरला तर 48 येतात, म्हणजे 100 ची अर्धी गोळी रोज. कॅप्सूल नको, अर्धी करता येणारी गोळी मागा.

छोटा 6 वर्षांचा आहे. आठाखालच्या मुलांना आपण डॉक्सी देत नाही. 20 किलोला मेफ्लोक्विन 250 ची अर्धी गोळी, आठवड्यातून एकदाच: जाण्याआधी दोन आठवडे, एक आठवडा, निघण्याच्या दिवशी आणि नंतर चार आठवडे, अशा सात वेळा. लवकर सुरू करण्याचं कारण असं की भीतीदायक स्वप्नं किंवा चिडचिड दिसली तर जाण्याआधीच औषध बदलता येतं. त्याला कधी फिट आली असेल, तापातली असली तरी, आधी मला फोन करा. मग हे औषध त्याला नाही.

गोळ्या घेऊनही मलेरिया होऊ शकतो. तिथे पोचल्यापासून सातव्या दिवसाच्या आधीचा ताप सहसा मलेरियाचा नसतो. त्यानंतर ताप आला तर हळद-दुधावर आणि पॅरासिटामॉलवर वाट बघू नका. त्याच दिवशी रक्ताची स्लाइड आणि रॅपिड टेस्ट करून घ्या. निगेटिव्ह आली आणि ताप राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. तपासणाऱ्याला पहिलं वाक्य "आम्ही कान्हाला गेलो होतो" हेच सांगा, नाहीतर इंदुरात सगळे डेंग्यूच शोधतात. मलेरियाचा दुसरा जंतू व्हायव्हॅक्स काही महिन्यांनीही उठतो, कारण तो यकृतात दडून राहतो आणि डॉक्सी त्याला तिथून काढत नाही. होळीच्या सुमारास कुणाला थंडी वाजून ताप आला तरी कान्हाची आठवण ठेवा.

छोट्याची पहिली गोळी निघण्याच्या दोन आठवडे आधी, म्हणून त्याला घेऊन या आठवड्यातच या.