ठुशीऐवजी अंगठी

मुलीचं लग्न डिसेंबरमध्ये ठरेल, असा अंदाज वर्षभर आधीच होता. एकदम लाखभर रुपये काढणं जमणार नव्हतं, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये मी बाजारपेठेतल्या आमच्या नेहमीच्या सराफाकडे भिशी लावली. दरमहा 5,000 असे अकरा हप्ते आपण भरायचे, बारावा दुकानाचा. म्हणजे 55,000 भरून 60,000 चं सोनं. त्यात वरची रक्कम घालून आठ ग्रॅमची ठुशी करायची, हा माझा बेत. माझ्या थोरल्या जाऊबाईंनीही त्याच दिवशी कार्ड काढलं.

आमच्या ह्यांनी तेव्हाच विचारलं होतं, "बँक आरडीवर एवढ्या पैशाला दोन हजारसुद्धा व्याज देत नाही, हा पाच कुठून देतो?" मी म्हटलं, गिऱ्हाईक बांधून ठेवायला देत असेल. ते खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. आपल्या पैशावर दुकान वर्षभर बिनव्याजी माल फिरवतं. शिवाय शेवटी रोख मिळत नाही, दागिनाच घ्यावा लागतो, आणि दागिन्यावर मजुरी लागते. दिलेला हप्ता तिथे वसूल होतो.

भिशी दोन प्रकारची असते, हे मला कार्ड काढताना कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकीत तुमचे रुपये जमा होतात आणि शेवटच्या दिवशी जो भाव असेल त्याने सोनं मिळतं. दुसरीत दर हप्त्याला त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा होतात. माझी पहिली होती. सुरुवातीला बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला 7,200 च्या आसपास होता. ऑक्टोबर 2025 मध्ये मी सोनं उचलायला गेले तेव्हा फळ्यावर 11,500 लिहिलेलं.

घरी मुलाने हिशोब मांडून दाखवला. दर महिन्याला ग्रॅम जमा झाले असते तर बोनस न धरताही साधारण 6.6 ग्रॅम साठले असते. माझ्या 60,000 चे होत होते 5.2 ग्रॅम, तेही मजुरी न धरता. पाच हजारांच्या बोनसपायी मी सोळा हजारांचं सोनं हुकवलं होतं. भाव उतरला असता तर उलटं झालं असतं, हे खरं. पण लग्नाची खरेदी करणाऱ्याला चढत्या भावाचीच धास्ती असते, त्यासाठीच तर आपण आधीपासून जमवतो.

आता दुकानात काय झालं ते सांगते. पहिले सात-आठ महिने छापील पावती मिळायची, कार्डावर शिक्का, भाव, सही. जूनपासून "मशीन बिघडलंय" म्हणत पेनाने आकडा लिहायला लागले. काउंटरवरचा क्यूआर बदलला. पैसे पाठवताना नाव आलं ते दुकानाचं नव्हतं, मालकाच्या पुतण्याचं. मी विचारलं तर म्हणाला, "वहिनी, घरचंच आहे." आणि काचेच्या कपाटातले मखमली ट्रे विरळ झाले होते. आधी पाटल्या-बांगड्या दाटीने लावलेल्या असायच्या. आता एका ट्रेमध्ये चार डाग, मधे मोकळी मखमल. हे सगळं मी बघत होते, पण जोडून पाहिलं नाही.

अकरा हप्ते भरून गेले तर ठुशी तयार नाही. "ऑर्डर देऊन ठेवा, दिवाळीनंतर या, भाव पण उतरेल." लगेच दुसरा प्रस्ताव, "सोनं आत्ता नकाच नेऊ, भिशी पुढे चालू ठेवा, पुढच्या वर्षी दोन हप्ते आमचे." जाऊबाई तिथल्या तिथे हो म्हणाल्या. त्यांच्या मुलाचं लग्न अजून दोन वर्षांनी होतं.

माझी मात्र गरज याच डिसेंबरची होती, आणि आदल्याच रात्री ह्यांच्या एका सीए मित्राने एक गोष्ट सांगितली होती. भिशी अकराच महिन्यांची का असते? कंपनीने मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम 365 दिवसांत मालात वळती झाली नाही तर 2014 च्या नियमांनुसार ती ठेव धरली जाते आणि ठेवीचे सगळे निर्बंध लागू होतात. म्हणून सरळ चाललेलं दुकान अकरा महिने झाले की स्वतःहून फोन करतं, "या, दागिना घेऊन जा." जे दुकान पैसे पुढे ढकला म्हणतं, त्याच्याकडे एक तर माल नाही नाही तर पैसा नाही. "आणि बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथे काही नाही," असंही तो म्हणाला होता. 2019 च्या दिवाळीत डोंबिवली-ठाण्यात एका मोठ्या सराफाच्या दुकानांना कुलपं लागली होती, ते तेव्हा आठवलं.

मग मी ठुशीचा हट्ट सोडला. ट्रेमध्ये जे होतं त्यातली जावयासाठी एक अंगठी निवडली, 4.360 ग्रॅम. सोन्याचे 50,140, मजुरी चौदा टक्क्यांनी 7,020, वर तीन टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे 53 रुपये, मिळून 58,928. उरलेल्या हजाराचं चांदीचं नाणं घातलं. रोख परत देत नाहीत. अंगठीच्या आत बारीक अक्षरात 22K916 आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक होता, तो मी तिथेच उभी राहून सरकारी बीआयएस केअर अॅपवर टाकून पाहिला. मालकाला आवडलं नाही. पक्कं बिल मात्र घेतलं आणि कार्डावर "पूर्ण" लिहून सही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शटर खाली, फोन बंद. जाऊबाईंचे अकरा आणि पुढच्या भिशीचा एक, असे बारा हप्ते आत.

त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात मीच गेले. तिथे दोनशेवर बायका, प्रत्येकीच्या हातात तसलंच लाल कार्ड. गुन्हा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या 1999 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली दाखल झाला, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. आधी वाटलं होतं, आपण तर खरेदीचे पैसे दिले, ते ठेवीत कसे बसणार? पण ठराविक मुदतीनंतर वस्तूच्या रूपात परत करायचे पैसेही त्या कायद्यात ठेवच असतात. मालमत्ता जप्त होते, सक्षम प्राधिकारी ती ताब्यात घेतो, विशेष न्यायालयाच्या परवानगीने विकतो आणि पैसा सगळ्यांत प्रमाणात वाटला जातो. मालकाचं घर-गोडाऊन बँकेकडे आधीच तारण असलं तर बँकही आपला हक्क सांगते. शिल्लक किती राहते त्यावर सगळं.

जाऊबाईंचे छापील पावतीचे सात हप्ते लगेच नोंदले गेले. पेनाने लिहिलेले आणि पुतण्याच्या नावावर गेलेले पाच अडले. त्यासाठी आम्ही बँकेत जाऊन वर्षभराचं स्टेटमेंट काढलं, प्रत्येक व्यवहाराखाली पेन्सिलीने कार्डावरची तारीख लिहिली आणि जबाबासोबत जोडलं. हवालदाराने कार्ड मागितलं तेव्हा मूळ देण्याआधी दोन झेरॉक्स काढून घेतल्या, आणि मूळ कार्ड दिल्याची पोच लिहून घेतली.

पोच जाऊबाईंनी देवघरातल्या डब्यात ठेवली आहे. परवा मी गेले तर म्हणाल्या, "अगं, लग्नात तुझ्या जावयाच्या बोटातली अंगठी पाहिली, छान आहे. किती ग्रॅमची?" मी सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, चहाला आधण ठेवलं.