मेलच्या तळाची वजाबाकी

आमची संत्रा बर्फी विकणारी धरमपेठेतली कंपनी ग्राहकांना मेल पाठवते. त्यातले काही ग्राहक अमेरिकेत आहेत. मजकूर पाच ओळींचा आणि खालचा फूटर त्याच्या तिप्पट, अशी अवस्था होती. गोपनीयतेची सूचना, व्हायरसची जबाबदारी नाही, मते वैयक्तिक, कागद वाचवा. आणि सगळ्यात शेवटी, ‘मेल नको असल्यास खात्यात लॉगिन करा’.

काटछाट माझ्याकडे आली. मालक म्हणाले, “काहून काढता भाऊ? असू द्या ना, काय बिघडते?”

मी प्रत्येक ओळ घेऊन आमच्या कंपनी सेक्रेटरी मॅडमना एकच विचारत गेलो, ही कोणत्या कायद्याने मागितली? गोपनीयतेची सूचना कोणीच मागितलेली नव्हती. बर्फीवरची सवलत आपणच हजारोंना कळवायची आणि खाली ‘हा मेल गोपनीय आहे’ म्हणायचे! ती गेली, पाठोपाठ व्हायरस आणि कागदही गेले.

नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, फोन, मेल आणि वेबसाइट मात्र राहिले. कंपनी कायदा २०१३चे कलम १२ हे सगळे व्यावसायिक पत्रांवर मागते. जाहिरातीचा मेल त्यात बसतो का, यावर वाद घालण्यापेक्षा एक ओळ ठेवलेली बरी, असे मॅडमचे मत. जाहिरातीच्या मेलसाठीच्या अमेरिकेच्या कॅन-स्पॅम कायद्यालाही टपालाचा खरा पत्ता लागतोच, त्यामुळे एकाच पत्त्यात दोन्ही भागले.

खरी अडचण लॉगिनची होती. अमेरिकेच्या त्या कायद्यानुसार मेल बंद करायला ग्राहकाकडून ईमेल पत्त्यापलीकडे काही मागता येत नाही. एक उत्तर किंवा एकच पान, बस. विनंती दहा कामकाजी दिवसांत पाळावी लागते. म्हणून लॉगिन काढून थेट दुवा दिला आणि मेलच्या हेडरमध्ये हेही घातले:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/abc>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

जीमेल हे आपल्या खात्यांवर रोज ५०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांकडून मागते. आम्ही त्याच्या आसपासही नाही. पण यामुळे पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी बंद करण्याचे बटण दिसू शकते, आणि वैतागलेला माणूस ‘स्पॅम’ऐवजी ते दाबतो.

आता फूटर असा आहे:

> अमुक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड, सीआयएन …
> नोंदणीकृत कार्यालय: …, धरमपेठ, नागपूर ४४००१० | फोन | मेल | वेबसाइट
> तुम्ही आमच्याकडे खरेदी केली म्हणून हा मेल आला. नको असल्यास मेल बंद करा.

पत्ता चित्रात नाही, साध्या अक्षरांत आहे. चित्रे बंद ठेवणाऱ्यालाही तो दिसला पाहिजे. तपासताना प्रत्येक चाचणीचा विषय बदलत गेलो, कारण एकाच विषयाचे मेल जीमेल एकत्र लावते आणि पुन्हा आलेला फूटर तीन ठिपक्यांमागे दडवते. ऑर्डरच्या पावतीच्या मेलमधून शेवटची ओळ वगळली. पावती बंद करून कोणाला हवी असते?