चढावर उजवा पाय अडकतो

दुचाकी मी तिशीत शिकले. बावधनहून कोथरूडला रोज ऑफिस, आणि महिन्यातून दोनदा आईला मागे बसवून डॉक्टरकडे न्यायचं, एवढीच गरज. भाऊ म्हणाला, "बाईकच घे, मायलेज बघ." त्याची बाईक पंधरा दिवस चालवली. रिकाम्या रस्त्यावर मस्त जमली, म्हणून एका रविवारी आईला घेऊन निघाले.

चांदणी चौकाच्या चढावर गाड्या थांबल्या. आई साडीत, एका बाजूला पाय टाकून बसलेली, म्हणजे तोल आधीच डावीकडे. माझी उंची पाच फूट एक, त्यामुळे एकाच पायाचा चवडा नीट टेकतो. बाईकचा मागचा ब्रेक उजव्या पायाशी आणि क्लच डाव्या हातात. गाडी मागे सरकू नये म्हणून उजवा पाय ब्रेकवर ठेवायचा, क्लच अर्धा सोडायचा, अंदाजाने गॅस द्यायचा आणि हे सगळं डाव्या पायावर तोलून. सरावलेल्याला यात काहीच वाटत नाही. मी घाबरून उजवा पाय खाली टेकला, गाडी मागे सरकली, बंद पडली आणि आम्ही हळूच आडव्या झालो. आईचं कोपर खरचटलं. ती एवढंच म्हणाली, "अगं, रिक्षा कर."

स्कूटरचे दोन्ही ब्रेक हातात असतात. डावा ब्रेक दाबून ठेवला की दोन्ही पाय जमिनीवर मोकळे. गर्दीत गोगलगायीच्या गतीने जातानाही मागचा ब्रेक किंचित धरून बारीक गॅस दिला की गाडी डुलत नाही. मी ११० सीसीची स्कूटर घेतली. शोरूमची फेरी मात्र आईला बसवूनच मारली. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा होता.

लायसन्सची परीक्षा मी गिअरच्या गाडीवरच दिली. त्यावर स्कूटरही चालते, पण बिनगिअरच्या लायसन्सवर बाईक चालत नाही.

स्कूटरचे तोटे घेतल्यावर कळले. चाकं लहान, त्यामुळे बाईक ज्या खड्ड्यावरून निघून जाते तिथे हिचं चाक आत उतरतं. पावसाळ्यात पाणी साचलेलं दिसलं की मी पुढच्या गाडीची चाकं कुठून जातात ते बघते. इंजिन मागे आणि वर आई, त्यामुळे पुढचं चाक हलकं वाटतं आणि वळणावर हँडल जरा भिरभिरतं. ही खरं तर मागच्या टायरात हवा कमी असल्याची खूण होती. मी दोघींसाठीही एकट्याचीच हवा ठेवत होते. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत मागच्या चाकाला एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ पीएसआय दिलं आहे. आता डॉक्टरच्या दिवशी आधी पंपावर जाते.

भाऊ अजून मायलेजच मोजतोय.