‘नेद्येल्या’ म्हणजे आठवडा की रविवार?

व्हिएन्नात एका भाषांतर संस्थेत मी परीक्षणाचे काम करते. भाषांतरकाराने दिलेला मजकूर मूळ जर्मन मजकुरासमोर ठेवून ओळीने तपासायचा, हे माझे काम. क्रोएशियन मी झाग्रेबमध्ये राहून शिकले. सर्बियन आणि बोस्नियन त्याच्या आधाराने वाचते. ऑस्ट्रियात या तीन भाषांना मिळून ‘बे-का-एस’ असे एकच नाव पडले आहे आणि दवाखाने, शाळा, सरकारी कचेऱ्या याच नावाने एकच भाषांतर मागवतात. गेल्या वर्षी अशाच एका मागणीत जे घडले, ते अजून माझ्या मनातून जात नाही.

संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागासाठी एका पानाचे माहितीपत्रक होते. औषध मेथोट्रेक्सेट. संधिवातात ते कमी मात्रेत आणि आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतल्याने रक्त तयार होण्याची क्रिया दबून माणसे दगावली आहेत. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने 2019 मध्ये वेष्टनावरच्या इशाऱ्यांपासून डॉक्टरांच्या सूचनांपर्यंत अनेक उपाय सुचवले. त्यामुळे त्या पत्रकात ‘आठवड्यातून एकदा’ ही सूचनाच सर्वांत मोलाची होती. खाली एक रिकामी जागा होती, ‘तुमचा वार’. ती परिचारिका हाताने भरणार होती.

भाषांतर करणारी सहकारी बेलग्रेडची आणि तिचे काम उत्तम असते. तिने लिहिले होते, ‘स्वाके नेदेल्ये उझ्मिते लेक इस्तोग दाना’, म्हणजे दर आठवड्याला औषध त्याच वारी घ्या. बेलग्रेडच्या सर्बियनमध्ये ‘नेदेल्या’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आठवडा आणि रविवार. मूळ फोड ‘काम न करण्याचा दिवस’ अशी. रविवारपासून रविवारपर्यंतच्या काळालाही पुढे तेच नाव लागले. आपण ‘परवा’ म्हणतो तेव्हा ‘गेला की येणारा’ हे वाक्यावरून कळते, तसेच बेलग्रेडच्या वाचकाला इथे ‘इस्तोग दाना’ या शब्दांवरून अर्थ लागतो. मूळ वाक्यात तिची चूक नव्हती.

पुढची पायरी आमच्या व्यवस्थापकांची. तीनही समाजांना एकच मजकूर चालावा म्हणून त्यांनी तो ‘मधल्या’ रूपात आणायला सांगितला. त्याची पद्धत ठरलेली आहे. बेलग्रेडकडे जिथे ‘ए’ उच्चार येतो, तिथे झाग्रेब आणि सारायेव्होकडे ‘ये’ किंवा ‘इये’ येतो. तो बदल संगणकावर शोधून-बदलून करायचा. ‘लेक’चे ‘लियेक’ झाले, ‘नेदेल्ये’चे ‘नेद्येल्ये’ झाले, आणि कागद वरवर पाहता क्रोएशियन दिसू लागला. मला ही पद्धत पहिल्यापासून पटत नव्हती, कारण ती उच्चार बदलते, शब्द बदलत नाही. क्रोएशियनमध्ये आठवड्याला ‘त्येदान’ म्हणतात आणि ‘नेद्येल्या’ म्हणजे फक्त रविवार. बोस्नियनमध्ये आठवडा ‘सेद्मित्सा’. तेव्हा बदललेले वाक्य क्रोएशियन वाचकाला सांगत होते, ‘दर रविवारी औषध त्याच दिवशी घ्या.’

हे मी वाचले आणि पुढे गेले. झाग्रेबमध्ये शिकलेल्या माझ्या कानाला ते खटकायला हवे होते, पण डाव्या बाजूला जर्मन मजकुरात ‘आठवड्यातून एकदा’ स्पष्ट लिहिले होते आणि तोच अर्थ मी उजव्या बाजूच्या वाक्यात वाचत होते. परीक्षणातला हा धोका मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगते: मूळ मजकूर समोर असला की तो भाषांतरातले दोष झाकतो. रुग्णाच्या हातात मूळ मजकूर नसतो.

चूक सापडली ती वाचन-चाचणीत. आम्ही तीन ज्येष्ठ वाचकांना बोलावले होते: सर्बियातल्या निशचे एक आजोबा, क्रोएशियातल्या ओसियेकच्या एक बाई आणि बोस्नियातल्या झेनित्साच्या एक बाई. ‘तुमचा वार’ या जागी मी नमुना म्हणून ‘चेत्व्रताक’, म्हणजे गुरुवार, लिहिले होते; हा शब्द तिन्ही भाषांत सारखाच आहे. मग प्रत्येकाला वेगवेगळे बसवून विचारले, ‘हे औषध तुम्ही कधी घ्याल?’ आजोबा म्हणाले, ‘गुरुवारी.’ झेनित्साच्या बाई जरा थांबल्या आणि मग म्हणाल्या, ‘गुरुवारी, दर सेद्मित्सेला.’ ओसियेकच्या बाईंनी वाक्यावर बोट ठेवले, मग खालच्या जागेवर ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, ‘रविवारी तर इथे लिहिलेच आहे. आणि तुम्ही गुरुवार लिहिला आहे, म्हणजे गुरुवारीही.’ त्यांना कुठेही शंका आली नव्हती. आठवड्याची मात्रा दुप्पट झाली होती.

त्याच पानावर आणखी दोन शब्द होते. चेहऱ्यावरच्या सुजेसाठी ‘ओतोक’ वापरला होता. झाग्रेबकडे ‘ओतोक’ म्हटले की आधी बेट डोळ्यांसमोर येते आणि सुजेला ‘ओतेक्लिना’ म्हणतात. रक्तपेशींसाठी ‘चेलिये’ होते. क्रोएशियन वैद्यकीय लेखनात पेशीला ‘स्तानित्सा’ म्हणतात, आणि हाच शब्द बेलग्रेडच्या वाचकाला स्थानकाचा वाटतो. पण या शब्दांपाशी वाचक अडखळतो आणि विचारतो. ओसियेकच्या बाईंनीही ‘ओतोक’पाशी थांबून ‘सूज म्हणायचे आहे ना?’ असे विचारलेच. ‘नेद्येल्या’पाशी मात्र त्या थांबल्या नाहीत, कारण तो त्यांचा स्वतःचा, रोजचा शब्द होता. ‘ते लोक एकमेकांचे सगळे समजतात’ असे व्यवस्थापक म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण परका शब्द वाचकाला सावध करतो, तर ओळखीचा शब्द दुसऱ्या अर्थाने आला की सावध करायला कोणी उरत नाही. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणाने 1993 पासून 2017 पर्यंत या तीन भाषांचे काम एकाच नावाखाली चालवले, हे उदाहरण मला नेहमी ऐकवले जाते. न्यायालयात दुभाषाला पुन्हा विचारता येते. घरी टेबलावर पडलेल्या कागदाला विचारता येत नाही.

आम्ही ते वाक्य काढून टाकले. त्या जागी लिहिले, ‘सात दिवसांतून एकदा, फक्त या वारी’, कारण ‘सात दिवस’ तिन्हीकडे सात दिवसच असतात. सूज आणि पेशी यांचे दोन्ही शब्द तिरपी रेघ देऊन शेजारी शेजारी छापले. पुढच्या तपासणीचा महिनाही आकड्यात घातला, कारण झाग्रेबचे ‘लिपान्य’ आणि ‘स्र्पान्य’ म्हणजे जून आणि जुलै. बेलग्रेडचा माणूस त्यांत सहज चुकतो. नवे पान घेऊन ओसियेकच्या बाईंकडे पुन्हा गेले, तेव्हा त्यांनी फक्त गुरुवार म्हटले.

मी मात्र तीन स्वतंत्र पत्रके मागितली होती आणि ती मंजूर झाली नाहीत. खर्च हे एक कारण होते. दुसऱ्या कारणाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. विभागाच्या परिचारिकेने विचारले, ‘कोणाला कोणते द्यायचे, हे मी कसे ठरवू?’ बोस्नियातल्या बान्या लुकाचा सर्ब रुग्ण आपली भाषा सर्बियन सांगेल, पण त्याच्या घरी ‘लियेक’ म्हणतात, ‘लेक’ नाही. बोस्नियातल्याच मोस्तारची क्रोएशियन बाई कदाचित आठवड्याला ‘सेद्मित्सा’ म्हणत असेल. आडनावावरून ठरवणे मला मान्य नाही. तोंडाने विचारले तर काहींना तो प्रश्नच युद्धाच्या दिवसांतला वाटतो.

त्यानंतर मी आमच्या संग्रहातली जुनी ‘बे-का-एस’ पत्रके एकेक काढून, जर्मन बाजू झाकून वाचते आहे. आतापर्यंत ‘नेद्येल्ना’, म्हणजे ‘आठवड्याची’ किंवा ‘रविवारची’, हा शब्द एका मधुमेहाच्या पत्रकात सापडला आहे. ते पत्रक छापून वाटलेले आहे.