भर रविवारी दिल्ली दरवाजा रिकामा कसा केला

मामेबहीण आर्किटेक्चरला आहे. तिला शनिवारवाड्याच्या दर्शनी भागाचं मोजमापाचं रेखाटन सोमवारी सकाळी द्यायचं होतं, आणि त्यासाठी दिल्ली दरवाजाचा एक स्वच्छ, समोरून घेतलेला फोटो हवा होता. हे तिला आठवलं रविवारी दुपारी. "दादा, पहाटे गेलं की कुणी नसतं ना?" असं तिनंच विचारलं आणि लगेच तिच्याच लक्षात आलं की पहाट होऊन गेलीय. डिसेंबरातला रविवार, त्यात सहलींचा मोसम. पटांगणात शाळेच्या सहली, बाजीरावांच्या पुतळ्यापाशी सेल्फीवाले, दाराशी माणसांची रीघ.

अशा वेळी मी मीडियनचा मार्ग धरतो. शाळेत सांख्यिकीत मध्यक शिकवतात, तोच हा. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, त्याच चौकटीचे बरेच फोटो काढायचे आणि प्रत्येक पिक्सेलसाठी सगळ्या फोटोंतल्या किमती चढत्या क्रमाने लावून मधली तेवढी ठेवायची. समजा भिंतीवरच्या एका पिक्सेलची किंमत पाच फोटोंत 142, 140, 38, 143, 45 अशी आली. 38 आणि 45 म्हणजे तिथून गेलेले काळे शर्ट. क्रमाने लावलं तर 38, 45, 140, 142, 143. मधली 140, म्हणजे भिंत. सरासरी काढली असती तर 102 आली असती, म्हणजे भिंतीवर धुरकट डाग. काळी फिल्टर लावून लांब एक्स्पोजर दिलं की नेमकं हेच होतं: ती सरासरीच असते, त्यामुळे माणसं जात नाहीत, त्यांची भुतं उरतात. मीडियन मात्र काळ्या शर्टाला किंचितही भाव देत नाही. अट एकच. पाचपैकी तिसऱ्या फोटोतही तिथे शर्ट आला तर मधली किंमत शर्टाची होते आणि भिंत गायब. त्या पिक्सेलला निम्म्याहून जास्त फोटोंत भिंत दिसलीच पाहिजे. पुढची सगळी खटपट या एका अटीसाठी.

शनिवारवाड्याच्या बाबतीत एक गोष्ट पथ्यावर पडते. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि पुण्यात हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. त्यामुळे दरवाजा आणि दोन्ही बाजूंचे बुरूज सबंध दिवस सावलीत असतात. भिंतीवर ऊन सरकत नाही, उजेड एकसारखा राहतो. तोटा असा की कॅमेरा दक्षिणेकडे पाहतो, म्हणून आभाळ पांढरंफटक येतं. आमच्या कामाला आभाळाशी देणंघेणं नव्हतं.

आत तिपाई न्यायची तर परवानगी लागते, म्हणून बाहेरच्या पटांगणातच उभा राहिलो. फार मागे गेलं की कॅमेरा आणि दरवाजा यांच्यात माणसांचे थरच्या थर येतात आणि चौकटीचा खालचा पट्टा कधी मोकळाच होत नाही. म्हणून वाइड लेन्स लावून जमेल तेवढा पुढे सरकलो आणि तिपाईचा मधला दांडा पूर्ण वर काढला. कॅमेरा वर गेला की मागची-पुढची माणसं एकाच रेषेत न येता फरसबंदीवर पसरलेली दिसतात, त्यामुळे मधली जमीन दिसायला वाव मिळतो.

कॅमेऱ्यात सगळं मॅन्युअल: f/8, ISO 100, 1/60, व्हाइट बॅलन्स ठरावीक, फोकस एकदा दारावरच्या अणकुचीदार खिळ्यांवर घेऊन बंद, लेन्सचं स्टॅबिलायझेशनही बंद. यातलं काहीही ऑटोवर राहिलं तर पांढऱ्या युनिफॉर्मची सहल समोर आली की फोटो काळवंडतो, ती गेली की उजळतो, आणि मग भिंतीची किंमतच दर फोटोला वेगळी येते. मध्येच ढग आला तरी तेच. तसे फोटो नंतर सरळ काढून टाकायचे.

आता किती फोटो आणि किती अंतराने? बहुतेक लोक फक्त आकडा वाढवतात. खरी गोष्ट अंतराची आहे. चालणारा माणूस दोन-तीन सेकंदांत बाजूला होतो, पण फोटो काढून घेणारं कुटुंब एकाच जागी मिनिटभर उभं राहतं. आजींना मध्ये घ्या, छोट्याचं डोकं वर करा, आता माझ्या फोनवर काढा. पाच-पाच सेकंदांनी पंचवीस फोटो घेतले तर दोन मिनिटांत काम उरकतं, पण त्यातल्या दहा-बारा फोटोंत तेच कुटुंब असतं. मी तीस सेकंदांचं अंतर ठेवलं. म्हणजे पंचवीस फोटोंना बारा मिनिटं. एखादी जागा साधारण तीस टक्के वेळ व्यापलेली असेल तर नऊ फोटोंत तिथे भूत राहण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास असते. पंचवीस फोटोंत ती दोन टक्क्यांच्या आत येते. अर्थात, हे फोटो एकमेकांपासून सुटे असतील तरच.

या हिशेबात न बसणारा एकच माणूस होता, फुगेवाला. पुतळ्याच्या डावीकडे फुग्यांचा भलाथोरला गुच्छ घेऊन तो ठाण मांडून उभा होता. पंचवीसपैकी पंचवीस फोटोंत तो असणार म्हणजे गणिताच्या दृष्टीने तो वाड्याचाच भाग. नुसतं अर्ध्या वेळाने दुसरीकडे सरकायला सांगून भागत नाही, कारण बारा फोटो इथे आणि तेरा तिथे झाले की ती दुसरी जागा बिघडते. निदान तीन जागा हव्यात, म्हणजे प्रत्येक जागा दोन-तृतीयांश वेळ मोकळी राहते. मी जाऊन विचारलं, "काका, दर चार मिनिटांनी जरा जागा बदलाल का? फोटो काढतोय." ते म्हणाले, "मी नको असेन फोटोत तर तसं सांगा की. एक फुगा घ्या, बघा कसा लांब जातो." फुगा घेतला. काका चौकटीबाहेर गेले.

घरी येऊन डार्कटेबलमध्ये सगळ्या रॉ फायलींना एकच सेटिंग लावून 16 बिटच्या टिफ काढल्या. पहिला आणि शेवटचा फोटो शंभर टक्क्यांवर आलटून पालटून पाहिला. बुरुजाची कड दोन पिक्सेल सरकलेली दिसली. गर्दीत तिपाईला कुणाचा तरी पाय लागला असणार. एवढ्यानेसुद्धा खिळ्यांची टोकं बोथट होतात, म्हणून आधी ह्युजिनसोबत येणाऱ्या align_image_stack ने फोटो एकमेकांवर बसवले, मग इमेजमॅजिकने मीडियन:

```
align_image_stack -m -a al_ *.tif
magick al_*.tif -evaluate-sequence median out.tif
```

दुसऱ्या ओळीला लॅपटॉपने मान टाकली. कारण साधं आहे. 24 मेगापिक्सेलचा एक फोटो इमेजमॅजिक उलगडतं तेव्हा प्रत्येक रंगाच्या प्रत्येक किमतीला चार बाइट घेतं. फक्त तीन रंग धरले तरी एका फोटोला 288 एमबी, पंचवीस फोटोंना सात जीबीच्या वर. माझी रॅम आठ जीबी. पण मीडियन प्रत्येक पिक्सेलचा स्वतंत्र निघतो, शेजारच्याशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे फोटोचे आडवे पट्टे पाडून एकेक पट्टा काढला आणि नंतर जोडला तरी सांधा दिसत नाही. पहिला पट्टा असा:

```
magick 'al_*.tif[6000x1000+0+0]' +repage -evaluate-sequence median p1.tif
```

पुढच्या पट्ट्यांना शेवटचा आकडा 1000, 2000, 3000 करायचा, आणि शेवटी `magick p?.tif -append out.tif`.

चित्र उघडलं. पटांगण रिकामं, बुरूज स्वच्छ, पुतळ्याभोवती कुणी नाही. फरसबंदीवर वाड्याची सावली होती. ती बारा मिनिटांत थोडी सरकली होती, तरी तिची कड धारदार होती. कारण सावली एका दिशेनेच सरकते, त्यामुळे निम्म्याहून जास्त वेळ सावलीत राहिलेली जागा काळी येते, उरलेली उजळ येते आणि कड मधल्या क्षणाच्या जागी बसते. सरासरीत तिथे करडा पट्टा आला असता.

पण दाराच्या तळाशी गडबड होती. कमरेच्या उंचीपर्यंत एक विचित्र ठिगळ होतं: निळसर जीन्स, अर्धा दुपट्टा, मधूनच लाकूड. सगळी गर्दी त्याच तोंडातून आतबाहेर करते, शिवाय खिळ्यांना हात लावून फोटो काढायला लोक तिथेच थांबतात. अंदाज बांधत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा सगळ्या फोटोंतून कापून एका पानावर मांडला:

```
magick montage 'al_*.tif[700x900+2650+2500]' -tile 5x5 -geometry 300x400+4+4 dar.jpg
```

पंचवीस तुकड्यांपैकी नऊच मोकळे होते. मधली किंमत तेराव्या क्रमांकाची, मग माणूसच येणार. इथे आणखी फोटो घेऊनही उपयोग नव्हता. जागा निम्म्याहून जास्त वेळ भरलेली असेल तर फोटो जितके वाढवाल तितकं भूत पक्कं होत जातं.

बहिणीचं म्हणणं, मोकळ्या फोटोंपैकी एकातलं दार कापून चिकटव. ते चालतं, पण दिसून येतं. पंचवीस फोटोंच्या मीडियनमध्ये सेन्सरचा दाणा जवळपास चौथ्या हिश्शावर येतो. त्या गुळगुळीत चित्रात एकट्या फोटोचं दार खरबरीत ठिगळासारखं उठतं. त्याऐवजी ते नऊ मोकळे फोटो निवडून त्यांचाच वेगळा मीडियन काढला. गिंपमध्ये तो मुख्य चित्रावर दुसरा थर म्हणून ठेवला, काळा मास्क लावला आणि मऊ पांढऱ्या ब्रशने फक्त दाराचा तळ उघडला. दाण्यातला फरक आता डोळ्याला कळत नव्हता.

उरला वरचा झेंडा. तो सतत फडफडत असल्यामुळे मीडियनने त्याचा जवळजवळ फन्ना उडवला होता. काठीपाशी भगवा ओघळ तेवढा शिल्लक. बाजूच्या झाडाची टोकंही लगदा झाली होती. हलणाऱ्या गोष्टीला मीडियनचं उत्तर नाही, ती एकाच फोटोतून घ्यावी लागते. आभाळ, झेंडा आणि झाड यांसाठी अकरा नंबरचा फोटो घेतला, कारण त्यात झेंडा पूर्ण पसरला होता. पांढऱ्या आभाळात दाण्याचा फरक दिसत नाही, म्हणून इथे एका फोटोवर भागलं. बहीण म्हणाली, "झेंडा मला मोजायचा नाहीये, दादा." तरी तो बसवला आणि मगच फाइल तिला पाठवली.