४८० किलोमीटरचा हिशेब: घरचं युनिट, हायवेचं युनिट आणि पेट्रोल

इलेक्ट्रिक गाडीने जाऊन-येऊन ४८० किलोमीटर, जवळपास सगळा हायवे. वेग ९० च्या आसपास, गाडीची वापरता येणारी बॅटरी ४० युनिटची. दर ठिकाणागणिक बदलतात, म्हणून हिशेबापुरते सोपे आकडे धरले आहेत: पेट्रोलचा लिटर १००, घरचं युनिट ८, हायवेवरच्या फास्ट चार्जरचं युनिट करासकट २४. यांच्या जागी आपापले आकडे घालावेत.

घरून १०० टक्क्यांवर निघून १६० किलोमीटरवर पहिला थांबा घेतला, तेव्हा बॅटरी ३६ टक्क्यांवर होती. स्क्रीनवर १०० किलोमीटरला १६ युनिट खर्च दिसत होता. ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करून पुढे निघालं, की मुक्कामी ४८ टक्के उरतात. परतताना त्याच चार्जरवर १६ टक्क्यांनी पोचून ७४ पर्यंत भरलं, तर घरी १० टक्के शिल्लक राहते.

दोन थांब्यांत मिळून बॅटरीत ४०.८ युनिट गेली, पण बिल सुमारे ४३ युनिटचं आलं. हा फरक म्हणजे बॅटरी थंड ठेवण्याचा खर्च आणि बॅटरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज. चार्जिंग चालू असताना आत एसी लावून बसलं, तर ती वीजही याच बिलात येते. घरी गळती जास्त असते, कारण तिथे येणाऱ्या एसी विजेचं डीसी करण्याचं काम गाडीतला चार्जर करतो. बॅटरीतून गेलेली घरची ३६ युनिट परत भरायला मीटरवर सुमारे ४१ पडतात. स्क्रीनवरच्या सरासरीत ही गळती दिसत नाही, त्यामुळे त्या आकड्याला थेट दराने गुणलं की खर्च कमी निघतो. घरी मीटरचं आणि बाहेर बिलावरचं युनिट धरावं.

आता बेरीज. घरचे ४१ गुणिले ८ म्हणजे ३२८, बाहेरचे ४३ गुणिले २४ म्हणजे १०३२. एकूण १३६०, किलोमीटरला २.८३. हायवेला १६ चं मायलेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला ३० लिटर, म्हणजे ३००० लागले असते: किलोमीटरला ६.२५. हाच सगळा प्रवास घरच्या विजेवर झाला असता तर दीडच्या आत बसला असता, आणि सगळा बाहेरच्या विजेवर झाला असता तर चारच्या थोडा वर गेला असता.

बाहेरचं युनिट किती महाग झालं की फायदा संपतो, हे निघण्याआधीच काढता येतं:

```
बरोबरीचा दर = पेट्रोलचा दर × (किमी प्रति युनिट ÷ किमी प्रति लिटर)
```

इथे बिलातल्या एका युनिटला ५.९ किलोमीटर मिळतात. त्याला १६ ने भागून १०० ने गुणलं की ३७ येतात. म्हणजे २४ च्या दराला अजून बरीच जागा आहे. पण हीच गाडी ११० ने पळवली आणि खर्च १०० किलोमीटरला २० युनिटवर गेला, तर एका युनिटला ४.७५ किलोमीटरच मिळतात. समोर हायवेला २० देणारी हायब्रिड ठेवली, तर बरोबरीचा दर २४ च्याही किंचित खाली येतो आणि फायदा तिथेच संपतो. हायवेची खरी अडचण हीच: पेट्रोल गाडी शहरापेक्षा तिथे चांगलं मायलेज देते, इलेक्ट्रिक मात्र तिथेच जास्त खाते, आणि नेमकी तिथेच महाग वीज घ्यावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ११० वरून ९० वर येणं ही सर्वांत खात्रीची बचत.

घरचा दर काढताना एकूण बिलाला एकूण युनिटने भागू नये. जिथे वापर वाढला की पुढचा टप्पा महाग होतो, तिथे गाडीची युनिट सगळ्यांत वरच्या टप्प्यात पडतात, आणि हिशेबात तोच दर धरायचा. तो ८ ऐवजी १४ निघाला, तर घरचा किलोमीटरही अडीचपर्यंत जातो.

या आराखड्याचा कच्चा दुवा परतीचा थांबा आहे. १६ टक्क्यांत जेमतेम ४० किलोमीटर जाता येतं, त्यामुळे तो चार्जर बंद निघाला आणि पुढचा त्याहून लांब असला, तर गाडी अडकते. मुक्कामाहून निघताना अ‍ॅपमध्ये त्या चार्जरच्या गनवर शेवटचं चार्जिंग कधी झालं ते पाहावं. नुसतं ‘उपलब्ध’ लिहिलंय यावर विसंबू नये. मुक्कामी साधा सॉकेट मिळाला तर रात्रीच्या ८ तासांत, अडीच किलोवॅटने, बॅटरीत १७ युनिटच्या आसपास जातात. मग परतीच्या थांब्यावर २३ ऐवजी सहाच युनिट घ्यावी लागतात. ८० टक्क्यांच्या वर फास्ट चार्जरवर थांबू नये. वेग खूप उतरतो, आणि आकारणी मिनिटावर असेल तर तीच युनिट दुपटीने महाग पडू शकतात.