खोकी, नाका आणि पाच दिवस

'सरकारनंच गाडी अडवली, मग माझा करार आपोआप रद्द नाही का, वकीलसाहेब?' सातपूरच्या त्या कारखानदाराने हे विचारलं, तेव्हा एप्रिल २०२० उलटून गेला होता आणि समोर द्राक्ष-पॅकहाऊसची नोटीस पडली होती.

प्रकरण साधं होतं. २०,००० छापील खोकी, दर ४० रुपये, आगाऊ २ लाख, पोच २८ मार्चपर्यंत पिंपळगावला. माल तयार होता. २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर पोलिसांनी टेम्पो परत फिरवला. 'खोकी काय खायचीत का?' जीवनावश्यक म्हणजे काय, हे त्या आठवड्यात नाक्यावरचा हवालदार ठरवायचा.

शेठजींना भारतीय करार कायद्याचं कलम ५६ हवं होतं: करार पाळणं अशक्य झालं की तो संपतो. पण त्यांच्या करारात फोर्स मेज्योरचं, म्हणजे हाताबाहेरची अडचण आली तर काय करायचं याचं कलम होतं, आणि ते असलं की आधी तेच बघतात, त्याच कायद्याच्या कलम ३२ च्या आधाराने, जे एखाद्या घटनेवर अवलंबून ठेवलेल्या करारांबद्दल आहे. 'एनर्जी वॉचडॉग' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली हे स्पष्ट केलं आहे. तरी आमच्या बारमधले निम्मे वकील अजून थेट ५६ वर उडी मारतात.

ते कलम कुठल्या तरी बांधकाम टेंडरमधून उचललेलं. त्यात लिहिलं होतं की बंदी असेपर्यंत पुरवठा स्थगित राहील, सात दिवसांत लेखी कळवावं, आणि अडचण तीस दिवसांवर गेली तरच करार सोडता येईल. स्थगित म्हणजे रद्द नव्हे. शेठजींनी फोनवर तोंडी सांगितलं होतं, लेखी ओळसुद्धा नाही.

खरी मेख पुढे होती. २९ मार्चला केंद्रीय गृह खात्याने कळवलं की जीवनावश्यक असो वा नसो, सगळ्या मालाची वाहतूक चालू ठेवावी. म्हणजे आमची 'अशक्यता' जेमतेम पाच दिवसांची. द्राक्षं अजून वेलीवर होती. पॅकहाऊसने वाट पाहून ३ एप्रिलला ५२ रुपयांनी दुसरीकडून खोकी घेतली. जादा गेलेले २ लाख ४० हजार आणि आगाऊ रक्कम, अशी त्यांची मागणी.

'छपाईचा खर्च तरी कापून घेऊ,' शेठजी म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. समजा ५६ लागलंच असतं, तरी कलम ६५ प्रमाणे घेतलेला फायदा परत द्यावा लागतो, आणि छपाईची वजावट हक्काने मागता येईल असं त्यात काही लिहिलेलं नाही.

शेवटी ३ लाखांवर मिटलं. पॅकहाऊसच्या नावाची खोकी शेठजींनी रद्दीत घातली.

२६ मार्चला टेम्पो परत आल्यावर त्यांनी मला फोन केला होता. मी म्हणालो, 'बंदीच आहे, घरी बसा.' लेखी कळवा, एवढं सांगायला अर्धा मिनिटही लागलं नसतं.